खांदे उन्हाने लाल झालेत? फोटोत लाली कमी करायची, पण स्किन स्किनसारखीच ठेवायची, त्याची पद्धत

गोव्यात बीचवर लग्न, आदल्या दिवशी पूलजवळ हळद, आणि लग्नाच्या दिवशी ऑफ-शोल्डर गाऊन किंवा बारीक पट्ट्यांचा ब्लाउज. हे कॉम्बिनेशन आलं की फोटोंमध्ये लाल खांदे येणारच, आणि वर आदल्या दिवशीच्या ड्रेसच्या पट्टीचा फिकट ठसासुद्धा. परदेशातून आलेल्या पाहुण्यांचं तर विचारूच नका, त्यांचे खांदे सरळ टोमॅटो. मग अल्बमच्या वेळी मेसेज येतो, दादा ते खांद्याचं जरा बघा ना.

बहुतेकजण काय करतात, तर रेड पकडतात आणि सॅच्युरेशन खाली ओढतात. लाली जाते पण खांदा राखाडी होतो, चेहरा जिवंत आणि खांदा मेलेला असं काहीतरी विचित्र दिसतं, आणि मग ते लपवायला ब्लर मारतात की संपलंच. हे टाळायचं तर लाली नक्की कुठे असते ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं आहे.

लाल जास्त नसतं, हिरवं कमी असतं

उन्हाने भाजलं की त्या जागी कातडीखाली रक्त जास्त येतं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं, साधारण 540 ते 580 नॅनोमीटरच्या पट्ट्यात. लाल प्रकाश मात्र ते जवळजवळ सोडून देतं. म्हणजे फोटोत भाजलेल्या जागी रेडचा आकडा फारसा वाढलेला नसतो, ग्रीनचा आकडा पडलेला असतो. फोटोशॉपमध्ये फोटो उघडून Ctrl+3 दाबा, फक्त रेड चॅनल दिसेल, आणि खांदा एकदम स्वच्छ दिसेल. मग Ctrl+4 दाबा, ग्रीन चॅनल, आणि सगळे डाग, पट्टीच्या कडा, मानेवरची रेघ धडाधड समोर येतात. Ctrl+2 ने परत पूर्ण फोटो. मॅकवर Ctrl च्या जागी Cmd.

ह्याचा दुसरा फायदा पण आहे. रेड चॅनलमध्येही पट्टीचा ठसा स्पष्ट दिसत असेल तर ती नुसती लाली नाही, टॅन आहे, म्हणजे मेलॅनिन, आणि ते तिन्ही चॅनल गडद करतं. लाली आणि टॅन हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोघांना एकच स्लायडर लावला की गोंधळ होतो. आपल्याकडच्या सावळ्या स्किनवर तर बरेचदा लाली कमी आणि टॅनच जास्त असतो, खांदा लाल नाही तर विटकरी किंवा गडद तपकिरी दिसतो. तिथे खालची स्टेप अगदी हलक्या हाताने करायची, कधीकधी अजिबात नाही.

आधी खात्री करा की हे ऊनच आहे

लग्नाच्या फोटोत लाल खांद्याची अजून दोन-तीन कारणं असतात. नवरीचा लाल शालू किंवा शेजारी उभ्या असलेल्या मावशीची लाल पैठणी, त्यावरून उडालेला प्रकाश खांद्याच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली लाल छटा देतो. ऊन वरून लागतं, त्यामुळे सनबर्न खांद्याच्या वरच्या भागावर, गळ्याच्या खालच्या हाडावर, पाठीच्या वरच्या भागावर असतो. लाली खालच्या बाजूने येत असेल तर ती कपड्याची आहे. संगीतच्या रात्री डीजेचे लाल लाइट असतील तर सगळंच लाल असतं, तो वेगळाच विषय, तिथे ही पद्धत चालणार नाही.

आणि व्हाइट बॅलन्स. संध्याकाळच्या बीचवरच्या फोटोत टिंट जरा मॅजेंटाकडे गेला की सगळ्यांचेच खांदे भाजल्यासारखे दिसतात. आधी कुणाचा तरी पांढरा शर्ट किंवा मांडवाचं पांढरं कापड बघून टिंट नीट करा (सोनेरी उन्हातला उबदारपणा मारू नका, फक्त गुलाबीपणा काढा), आणि मग बघा खांद्याची तक्रार उरते का. बऱ्याच फोटोंत निम्मं काम इथेच होतं. हे न करता डायरेक्ट खांद्यावर गेलात तर नंतर व्हाइट बॅलन्स बदलल्यावर दुरुस्त केलेला खांदा हिरवट होणार, मग परत पहिल्यापासून.

सँपल कुठून घ्यायचा

आपल्याला एक टार्गेट पाहिजे, म्हणजे ह्याच माणसाची, ह्याच प्रकाशातली, न भाजलेली स्किन. चेहऱ्यावरून घेऊ नका, तिथे फाउंडेशन असतं आणि मेकअपवाल्या ताईंनी कुठली शेड लावलीय ते देव जाणे. हाताची आतली बाजू पण नको, ती नेहमीच फिकट असते आणि प्रकाश पण वेगळा पडतो. बेस्ट जागा म्हणजे पट्टीचा ठसाच! तोच खांदा, तोच प्रकाश, तोच अँगल, फक्त ऊन लागलेलं नाही. ठसा नसेल तर दंडाचा वरचा भाग, खांद्यापासून चार बोटं खाली, जिथे लाली संपलेली असते.

फोटोशॉपमध्ये Color Sampler टूल घ्या, वर Sample Size मध्ये 5 by 5 Average ठेवा, नाहीतर एखाद्या रोमछिद्राचा आकडा येतो आणि आपण त्याच्या मागे लागतो. एक क्लिक भाजलेल्या जागी, एक चांगल्या जागी. घामाने चमकणारा भाग आणि सावली दोन्ही टाळा. आकडे Info पॅनलमध्ये दिसतात, F8 ने उघडतं.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा नवरीची मैत्रीण, गव्हाळ उजळ रंग, दुपारी चारचा फोटो, पांढऱ्या पडद्याच्या सावलीत उभी आहे. भाजलेल्या खांद्यावर आकडे आले R 198, G 118, B 104. दंडावर आले R 196, G 142, B 116. बघा, रेडमध्ये फरक फक्त दोनचा आणि ग्रीनमध्ये चोवीसचा, म्हणजे वर बोललो तेच. Info मध्ये HSB चालू केलंत तर ह्यू खांद्यावर 9 अंश येईल आणि दंडावर साधारण 19 ते 20. निरोगी स्किन नारिंगीकडे असते, भाजलेली शुद्ध लालकडे सरकते. हा 9 विरुद्ध 20 चा फरक डोळ्याला लगेच खुपतो.

कर्व्हज, फक्त ग्रीन

एक Curves अॅडजस्टमेंट लेयर टाका. पॅनलमध्ये RGB लिहिलेलं असतं तिथून Green निवडा. मधोमध एक पॉइंट घ्या, इनपुट 118, आउटपुट 138. अजून दोन पॉइंट टाकून कर्व्हची टोकं जागेवर बांधून ठेवा, एक 40 च्या आसपास आणि एक 225 च्या आसपास, दोन्हीकडे इनपुट आउटपुट सारखंच, म्हणजे खोल सावल्या आणि चमक हलणार नाहीत. मग Blue निवडा आणि 104 ला 108 करा, एवढंच, कारण ब्लू पण थोडा पडलेला असतो. ब्लूला हात लावलाच नाही तर खांदा पिवळट होतो, उटणं लावून धुवायचं राहिल्यासारखा.

ह्या वेळी पूर्ण फोटो हिरवट पिवळा झालेला दिसेल, घाबरू नका. लेयरचा मास्क सिलेक्ट करून Ctrl+I दाबा, मास्क काळा होईल आणि सगळं गायब. आता पांढऱ्या रंगाचा सॉफ्ट ब्रश, हार्डनेस शून्य, Flow 10 ते 15 टक्के, आणि साइज मोठा, जवळजवळ खांद्याच्या अर्ध्या रुंदीएवढा. लहान ब्रशने रंगवलंत की ठिपके ठिपके होतात. खांद्याच्या सगळ्यात लाल भागावरून सुरू करा, तिथे दोन-तीन हात फिरवा, आणि मानेकडे, दंडाकडे जाताना एकच हात, म्हणजे कडा आपोआप विरते. खऱ्या सनबर्नला पण अशी विरणारी कड असते (पट्टीची बाजू सोडून), त्यामुळे मास्कची कड कुठेही ठळक दिसली तर समजा चुकतंय.

मास्क झाल्यावर खांद्याचा आकडा परत बघा. उदाहरणातल्या फोटोत तो साधारण R 198, G 138, B 108 होईल, ह्यू 20 च्या जवळ, म्हणजे दंडाला अगदी मॅच. आणि आता लेयरची Opacity 70 टक्के करा. हो, मॅच झाल्यावर मुद्दाम मागे यायचं. ग्रीन 132 वर येतो, ह्यू 16 ते 17 अंशांवर, म्हणजे खांदा दंडापेक्षा किंचित गुलाबी राहतो. जिवंत माणसाचा खांदा दंडापेक्षा थोडा लाल असला तर खटकत नाही, आणि समुद्रावर असताना नाक, गाल, कानाच्या पाळ्या पण जरा लालसर असतात. खांदा एकदम क्लीन केला आणि नाक लाल राहिलं की बघणाऱ्याला नेमकं कळत नाही काय, पण काहीतरी लावलंय एवढं कळतं.

आणि हे पण बघा की ग्रीन वर गेला म्हणजे ब्राइटनेस पण आपोआप वर गेला, कारण डोळ्याला उजेड जास्त करून ग्रीनमधूनच जाणवतो. भाजलेली जागा लाल असते तशी किंचित गडद पण असते, ते दोन्ही एकाच कर्व्हने सुधारतं. Hue/Saturation मध्ये Reds घेऊन हे काम होतं, नाही असं नाही, ह्यू प्लसकडे सहा-सात नेला की लाल नारिंगीकडे सरकतं, पण तिथली Lightness वाढवली की पांढरा धूर पसरल्यासारखं होतं, म्हणून माझं मत कर्व्हजच. टेक्स्चरला तर कशानेच हात लागत नाही, रोमछिद्रं, तीळ, बारीक केस सगळं जागच्या जागी. इथे ब्लर, फ्रीक्वेन्सी सेपरेशन वगैरेची अजिबात गरज नाहीये, कारण प्रॉब्लेम रंगाचा आहे, पोताचा नाही.

चमक वाचवा

गोव्याच्या दमट हवेत खांद्यावर घाम आणि सनस्क्रीनची चमक असणार. ती चमक पांढरी असते, आणि तिच्यावर ग्रीन वाढवला की ती पोपटी होते, हे सगळ्यात पटकन पकडलं जातं. वरचा 225 चा पॉइंट थोडं वाचवतो, पण पुरत नसेल तर लेयरवर डबल क्लिक करून Blend If मध्ये Underlying Layer ची पांढरी मूठ Alt धरून दोन तुकड्यांत फोडा, डावा तुकडा 200 च्या आसपास, उजवा 235. आता उजळ भागावर इफेक्ट हळूहळू बंद होतो.

चमक जर आधीच जळालेली असेल, म्हणजे रेड 255 ला जाऊन चिकटला असेल, तर कर्व्हने काही होणार नाही. असा खांदा गुलाबी प्लास्टिकसारखा सपाट दिसतो. मग रॉ फाइलकडे परत जा, एक्स्पोजर किंवा हायलाइट्स खाली घ्या, आणि तिथून परत या. रॉ नसेल, व्हॉट्सअॅपवरून आलेला जेपेग असेल तर 138 पर्यंत ताणू नका, 126-128 वर थांबा, नाहीतर कॉम्प्रेशनचे चौकोन वर येतात.

पट्टीचा ठसा

लाली उतरल्यावर बरेचदा ठसा आधीपेक्षा कमी दिसतो, आणि खूपदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सगळ्यांना वाटतं खांदा उजळवून ठशाशी मॅच करूया. उलटं करा. ठसा लहान आहे, खांदा मोठा आहे, लहान गोष्ट बदलणं कमी धोक्याचं. अजून एक Curves लेयर, ह्या वेळी RGB वरच, मध्यभाग जरा खाली ओढा, म्हणजे 150 ला 138 वगैरे, मास्क काळा करा, आणि ठशाच्या रुंदीपेक्षा थोड्या लहान ब्रशने पट्टीच्या मधून मधून रंगवा. कडेपर्यंत रंगवू नका, कडेला गेलात की दोन्ही बाजूंना गडद रेघ तयार होते आणि आधी एक पट्टी होती तिथे तीन दिसतात. अर्धा फरक गेला की थांबा. हीलिंग ब्रश किंवा क्लोन इथे वापरू नका, खांद्याचा गोलावा म्हणजे प्रकाश हळूहळू कमी होत जातो, आणि क्लोनने तो पॅच पॅच होतो.

हीलिंग ब्रश लागतो तो एकाच ठिकाणी, कातडी सोलवटलेली असेल तिथे. सुटलेले पापुद्रे एक एक करून छोट्या ब्रशने काढा, वेगळ्या रिकाम्या लेयरवर, Sample: All Layers ठेवून. त्याखाली आलेली नवी गुलाबी स्किन परत ग्रीनच्या मास्कमध्ये घ्यायची.

पूर्ण इव्हेंटला हेच कसं करायचं

अल्बममध्ये तीस-चाळीस फोटोंत तोच खांदा असेल तर प्रत्येक फोटो फोटोशॉपमध्ये उघडत बसणं शक्य नाही. Lightroom Classic मध्ये मास्कच्या आतसुद्धा कर्व्ह मिळतो (2023 च्या 12.3 व्हर्जनपासून), त्यात Green चॅनल आहे, सेम आयडिया. ब्रशने खांद्यावर ढोबळ मास्क करा, मग त्या मास्कच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून Intersect Mask With आणि Color Range घेऊन लाल भागावर छोटा चौकोन ओढा. ब्रश सांगतो कुठे, कलर रेंज सांगते त्यातलं कुठलं, त्यामुळे केस, मंगळसूत्र, गाऊनची कड ह्यांवर इफेक्ट जात नाही. गाऊनच पीच किंवा गुलाबी असेल तर मात्र कलर रेंज त्याला पण स्किन समजते, तिथे ब्रशच नीट चालवा. लाइटरूममधले आरजीबीचे आकडे टक्क्यांत आणि वेगळ्या कलर स्पेसमध्ये असतात, वरचे 118-138 तिथे जसेच्या तसे टाकू नका, फक्त खांदा आणि दंड ह्यांतला ग्रीनचा फरक बघा आणि त्यातला दोन-तृतीयांश भरून काढा.

एका प्रकाशातले फोटो एक गट. मांडवातले वेगळे, सूर्यास्ताचे वेगळे, रिसेप्शनचे वेगळे. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करा, मग सेटिंग कॉपी करून बाकीच्यांवर टाका, आणि प्रत्येकात ब्रशची जागा हलवून घ्या, कारण माणूस हललेला असतो आणि ब्रश आहे तिथेच राहतो. ग्रुप फोटोत सगळ्यांना एकाच मास्कमध्ये घेऊ नका. गोऱ्या पाहुणीला लागलेला कर्व्ह सावळ्या आत्याच्या खांद्यावर टाकला तर आत्या हिरवी होते, ह्यात अतिशयोक्ती नाही, करून बघा.

पैसे खर्च करायचे नसतील तर गिंपमध्ये लेयर डुप्लिकेट करा, वरच्या लेयरवर Colors मेन्यूतून Curves, चॅनल Green, आणि मग काळा लेयर मास्क लावून पांढऱ्याने रंगवा, आकडे फोटोशॉपसारखेच चालतात. मोबाइलवर स्नॅपसीडच्या Curves मध्ये पण ग्रीन वेगळा मिळतो आणि केलेला एडिट नंतर ब्रशने फक्त खांद्यापुरता ठेवता येतो, एखाद-दोन फोटो इन्स्टाला टाकायचे तर तेवढं पुरे, पण बोटाने मास्क बारीक जमत नाही म्हणून इफेक्ट निम्माच ठेवा.

जास्त झालंय हे कसं ओळखायचं

झूम बाहेर काढा, फोटो स्क्रीनवर पोस्टकार्डएवढा करा. नजर आधी चेहऱ्यावर गेली तर ठीक, आधी खांद्यावर गेली तर अजून काम आहे किंवा जास्त काम झालंय. दुसरं म्हणजे खांदा आणि मान जिथे मिळतात तिथे बघा, चूक बहुतेक तिथेच असते, मान गुलाबी आणि खांदा पिवळा असा जोड दिसतो. तिथे मास्क मानेवर थोडा पसरवा, कमी फ्लोने. आणि पाच-दहा मिनिटं दुसरं काही करून परत या, कारण एकाच खांद्याकडे बघत राहिलं की डोळा लालला सरावतो आणि आपण ग्रीन वाढवतच जातो. परत आल्यावर लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा. चालू केल्यावर एकदम "अरे वा, किती फरक" वाटलं तर ओपॅसिटी अजून दहा टक्के खाली घ्या.

प्रिंटला जाणारा अल्बम असेल तर एक छोटी टेस्ट प्रिंट काढूनच घ्या, लॅबच्या प्रिंटमध्ये स्किन बरेचदा स्क्रीनपेक्षा जरा लालच येते आणि त्या हिशोबाने 70 ची ओपॅसिटी 80 करावी लागू शकते, पण हे स्वतःच्या लॅबचं बघूनच ठरवा.

आणि एक गोष्ट, क्लायंट बरेचदा लालीच्या नावाखाली "जरा उजळ करा ना" असं सांगतात. ते वेगळं काम आहे, ह्या मास्कमध्ये ते मिसळू नका. इथे टार्गेट त्याच माणसाचा दंड आहे, कुठली तरी गोरी शेड नाही, म्हणून तर सँपल दंडावरून घेतला. जन्मखुणा, जुने व्रण, कोडाचे डाग हे पण लालीबरोबर पुसायचे नाहीत, त्या माणसाने स्वतः सांगितलं तरच. मास्क रंगवताना असं काही मध्ये आलं तर काळ्या ब्रशने तेवढी जागा परत उघडी करा, आणि शंका असेल तर अल्बम लॉक व्हायच्या आधी एक फोटो पाठवून त्या व्यक्तीलाच विचारून घ्या, नवऱ्याच्या काकांना नाही.